एक पावसाळा तरी

हुपरीत कुणालाही चांदी देताना तोलतात आणि परत घेतानाही तोलतात. पैंजणाची एक जोडी पेटीत जाईपर्यंत चार-पाच घरांचे उंबरे ओलांडते. एका घरी चांदी आटते, दुसऱ्या घरी तार ओढली जाते, तिसऱ्या घरी कड्या जोडल्या जातात. कुठल्यातरी माजघरात बाया दुपारच्या मालिका बघत घुंगरं लावतात, आणि मग पॉलिश. प्रत्येक उंबऱ्यावर काटा असतो. आत गेलं किती, बाहेर आलं किती, मधे घट किती. त्यामुळे आमच्या गावात माणसाच्या स्वभावाबद्दल मतभेद असतात, त्याच्या घटीबद्दल नसतात.

वडिलांकडे नवा पोरगा कामाला आला की ते त्याला दोनच गोष्टी विचारायचे. "आधी कुणाकडं होतास?" आणि "त्याचा हिशोब मिटवून आलास न्हवं?" किती ठिकाणी काम केलंस, एका ठिकाणी का टिकला नाहीस, असलं काही नाही. कारागीर मालक बदलणारच, हे त्यांनी पावसाइतकं गृहीत धरलं होतं. पोराच्या अंगावर उचल असली तर ती फेडायची आणि पोरगा घ्यायचा, एवढाच व्यवहार. पण हिशोब न मिटवता, म्हणजे घट किती आली ते कळायच्या आत जो पळाला, त्याला ते दारातूनच चहा पाजून परत पाठवायचे. चहा मात्र पाजायचे.

पुढे मी चांदी सोडून लोखंडाकडे गेलो आणि कोल्हापुरातल्या एका कारखान्यात माणसं नेमण्याच्या टेबलापलीकडे बसलो. तिथे माझ्या वरच्या साहेबांचा हिशोब उलटा होता. अर्जावर पाच वर्षांत चार कंपन्या दिसल्या की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "हा आपल्याकडं तरी कशाला थांबंल?" साहेब स्वतः एकाच कंपनीत अठ्ठावीस वर्षं होते. थांबण्याचं त्यांना कौतुक होतं, आणि आपण का थांबलो हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

मी मात्र वडिलांच्या वळणावर गेलो. किती कंपन्या झाल्या ते मोजायचंच नाही. प्रत्येक ठिकाणी पोरगा कशासाठी गेला आणि तिथून काय बघून निघाला, तेवढं विचारायचं.

सुरुवातीच्या वर्षांत माणूस इकडून तिकडे फिरणार हे काही आपल्याकडचंच नाही. टोपेल आणि वॉर्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ साली अमेरिकेतल्या तरुण पुरुषांच्या नोकऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या दहा वर्षांत त्या पोरांनी सरासरी सात नोकऱ्या केल्या होत्या. आमच्या साहेबांनी ते वाचलं असतं तर चष्मा थेट टकलावर गेला असता. पुढची गोष्ट जास्त कामाची आहे. त्या दहा वर्षांत त्यांचा पगार जेवढा वाढला, त्यातली निदान एक तृतीयांश वाढ नोकरी बदलताना मिळालेली होती. म्हणजे फिरणं ही नुसती चंचलता नव्हती. आपल्या हाताला कुठलं काम बसतं याचा तो शोध होता, आणि ते काम सापडल्यावर पोरं हळूहळू एका जागी स्थिरावली होती. अर्थात ती अमेरिका, आणि तीही जुनी. तिथल्या पोरांना दर रविवारी "कायम झालास का?" असं विचारणारी आत्या नव्हती.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. कारण त्याने तीन नोकऱ्या केल्या आणि तिन्ही वेळा घरात रडारड झाली.

मेकॅनिकलची पदवी घेऊन तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत चौदा हजारांवर ट्रेनी म्हणून लागला. काम क्वालिटीचं. तिथे ट्रॅक्टरच्या एका भागाचं नवं कास्टिंग सुरू व्हायचं होतं. पद्धत अशी असते. आधी पॅटर्न बनतो. मग सॅम्पलचे थोडे नग ओततात, ते मशीनवर कापून बघतात, मापं आणि आतली घट्टता तपासतात आणि कागदांचा एक गठ्ठा गिऱ्हाईक कंपनीकडे जातो. तिकडून मंजुरी आली की रोजचं उत्पादन चालू. भाच्याच्या भागाला मार्चमध्ये मंजुरी आली. पेढे वाटले. त्याच आठवड्यात त्याला दुसऱ्या फाउंड्रीतून तीन हजार जास्त देऊ म्हणून फोन आला.

तो माझ्याकडे आला. "मामा, बायोडेटात लिवता येतंय की, नवा पार्ट डेव्हलप केला म्हणून. आता थांबून काय करू?"

मी म्हटलं, "पाऊस बघून जा."

त्याला वाटलं मामा हवेवर गेला. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीत पाऊस ही गिऱ्हाइकाइतकीच खवट पार्टी असते. कास्टिंगच्या आत पोकळी ठेवायची तर साच्यात वाळूचा कोअर बसवतात. हा कोअर उघड्यावर राहिला की दमट हवेतलं पाणी पितो. त्यावर तापलेलं लोखंड ओतलं की पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट सापडली नाही तर ती धातूतच कोंडून राहते आणि कातडीखाली बारीक पोकळ्या होतात. त्यांना ब्लोहोल म्हणतात. खट्याळपणा असा की वरून कास्टिंग गुळगुळीत असतं. दोष उघडा पडतो तो मशीनवर वरचा थर कापल्यावर, म्हणजे बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या दारात. मार्चच्या कोरड्या हवेत ओतलेल्या नगांत हे दिसण्याचं कारणच नव्हतं.

जुलैत दिसलं. पहिली लॉट परत आली, मग दुसरी. गिऱ्हाइकाचा माणूस येऊन टेबलावर कापलेला नग आपटून गेला. भाचा पंधरा दिवस रात्रपाळीला कोअरच्या रॅकजवळ बसून होता. कुठला कोअर कधी बनला, किती तास पडून राहिला, त्यावरचा लेप नीट वाळला होता का, हे तो वहीत लिहीत होता. शेवटी सापडलं ते अगदी साधं निघालं. शनिवारी बनवलेले कोअर रविवारची सुट्टी धरून सोमवारी वापरले जात होते, आणि रॅक पत्र्याच्या उघड्या बाजूला होता. रॅक आत आला, कोअर बनल्यापासून किती वेळात वापरायचा त्याची हद्द ठरली, ओतण्याआधी पुन्हा गरम करायची पद्धत बसली. ऑगस्टअखेर परत येणारे नग मूठभरावर आले.

पावसाआधीच सोडून गेला असता तर बायोडेटात 'नवा पार्ट डेव्हलप केला' हे वाक्य तसंच्या तसं राहिलं असतं. खोटंही ठरलं नसतं. पण त्या वाक्यामागचा माणूस फक्त मार्च पाहिलेला असता. पुढच्या मुलाखतीत समोरचा जाणता असला तर दुसराच प्रश्न विचारतो, "मग पावसाळ्यात काय झालं?" मी टेबलापलीकडे बसून हा प्रश्न पुष्कळांना विचारलाय. काही जण सविस्तर सांगायला लागत, हातवारे करत, मधेच माझ्याच कागदावर चित्र काढत. काही जण टायला हात लावत.

अडीच वर्षांनी भाच्याने फाउंड्री सोडली, आणि तेव्हा मी एका शब्दाने अडवलं नाही. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनशॉपला गेला, बावीस हजारांवर. म्हणजे कास्टिंग जिथून निघायचं तिथून ते जिथे कापलं जायचं तिथे. फाउंड्रीत असताना तो म्हणायचा, मशीनवाले उगाच बोंबलतात. मशीनशॉपला गेल्यावर सहा महिन्यांत म्हणायला लागला, फाउंड्रीवाल्यांना अक्कल नाही. दोन्ही बाजूंनी शिव्या देता येऊ लागल्यावर मला वाटलं, पोरगं शिकतंय. तिथे पावणेतीन वर्षं काढून तो चाकणला गेला, भाग विकत घेणाऱ्या कंपनीत, पुरवठादारांची क्वालिटी बघायला. पगार अडतीस हजार. आता फाउंड्रीवाला म्हणाला, "साहेब, मशीनिंगमधेच गडबड आहे," की हा शांतपणे विचारतो, "कोअरचा रॅक कुठं आहे?"

तीन नोकऱ्या झाल्या, पण भागाच्या वाटेवरूनच तो एकेक उंबरा पुढे गेला. तार ओढणारा जोडकामाला बसला आणि जोडकाम करणारा पुढे पॉलिशला गेला, तर हुपरीत त्याला कुणी उनाड म्हणत नाही. काही वर्षांनी तोच स्वतःचा काटा मांडतो.

आमच्याच गल्लीत दुसरा एक पोरगा आहे. भाच्याच्याच बरोबरचा, हुशारीला कणभर जास्तच. भाच्याने तीन नोकऱ्या केल्या त्या आठ वर्षांत त्याच्या सहा झाल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, पुन्हा शिरोली, चाकण, रांजणगाव. प्रत्येक ठिकाणी काम एकच, येणाऱ्या मालाची मापं घ्यायची. तेच व्हर्नियर, तोच तक्ता, फक्त टोपीवरचं चिन्ह वेगळं. आठ महिने, अकरा महिने, फार तर दीड वर्ष. तो आळशी मुळीच नाही. पगारवाढीचा फोन आला की त्याला नाही म्हणता येत नाही इतकंच, आणि एवढ्यावरून कुणाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. घरात दोन बहिणींची लग्नं होती.

पण त्या पगारवाढीचा हिशोब एकदा मी त्याच्याबरोबर कट्ट्यावर बसून मांडला. शिरोलीला अठरा हजार होते, चाकणला सव्वीस. आठ हजारांची वाढ, गावात पेढे. शिरोलीला तो घरून जात होता, डबा आईचा. चाकणला खोलीतला वाटा साडेतीन हजार, मेस साडेतीन हजार, महिन्यातून एकदा गावी येणं-जाणं आणि बारीकसारीक मिळून बाराशे. बेरीज आठ हजार दोनशे. म्हणजे महिना दोनशे रुपये पदरचे घालून तो पुण्यात राहत होता आणि आईच्या हातची भाकरी वर सोडली होती. आता चाकणला जाऊन काम नवं मिळालं असतं, भाच्यासारखं, तर ते दोनशे रुपये मी फी समजलो असतो. इथे मापंही तीच होती.

आणि आठव्या वर्षी त्याची अडचण झाली. मापं घेणारा माणूस कंपनीला दोन वर्षांच्या अनुभवाचाही चालतो, आणि तो स्वस्त पडतो. आठ वर्षांच्या माणसाकडून अपेक्षा असते की माप चुकलं तर का चुकलं हे त्याने सांगावं. ते कळायला चुकलेल्या मापाच्या मागे तीन-चार महिने फिरावं लागतं, आणि याने तेवढे महिने एका मापामागे कुठे फारसे घालवलेले नाहीत. पहिली चार वर्षं जे फोन आपणहून येत होते, ते आता यालाच करावे लागतात. नोकऱ्या बदलण्याचं नुकसान चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत दिसत नाही, उलट फायदाच दिसतो. म्हणून त्या काळात सांगूनही कुणाला पटत नाही.

मधे पैशांचं एक किरकोळ प्रकरण सांगितलं पाहिजे, कारण आमच्याकडे त्याचाच बाऊ जास्त होतो. "ग्रॅच्युइटी बुडंल की रे!" हे वाक्य प्रत्येक काकाकडे तयार असतं. कायद्याप्रमाणे कायम नोकरीत ती मिळायला सलग पाच वर्षं लागतात, हे खरं. गंमत म्हणजे कंपनी नेमणुकीच्या पत्रात वर्षाचा एकूण आकडा फुगवताना बहुधा मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी त्यात धरते. दीड वर्षात निघणाऱ्या पोराला ते पैसे फक्त कागदावर भेटतात. पण रक्कम केवढी? मूळ पगार वीस हजार असेल तर आठ वर्षांचे साधारण ब्याण्णव हजार. भाच्याच्या तिसऱ्या नोकरीने महिन्याला सोळा हजार वाढवले, म्हणजे सहा महिन्यांत भरपाई. तेव्हा ग्रॅच्युइटीसाठी नको त्या ठिकाणी खुर्ची धरून बसू नये, असं माझं काकालोकांना नम्र सांगणं आहे. चार वर्षं झाली असतील तर उरलेलं एक मात्र काढावं.

खरं नुकसान पीएफमध्ये होतं, आणि ते नोकरी बदलल्याने नाही, पैसे काढल्याने होतं. एक नोकरी सुटली की पोरं खातं रिकामं करतात. आमच्या गल्लीत एक काळी बुलेट आहे, तिला मी मनातल्या मनात 'पीएफ' म्हणूनच ओळखतो. ती त्या सहा नोकऱ्यांवाल्या पोराची. खातं पुढच्या कंपनीकडे वळवत गेलं तर नोकरीची वर्षं एकमेकांना जोडली जातात. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पैशांवर कर बसतो, तिथेही ही जोडलेली वर्षं धरतात. आणि पेन्शनच्या योजनेत असलेल्याला पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षं भरावी लागतात. भाच्याची आठ भरली, आणखी दोन. बुलेटवाल्याने पेन्शनचेही पैसे प्रत्येक वेळी उचलले, त्यामुळे त्याची मोजणी दर वेळी शून्यापासून. सोडलेल्या कंपनीने नोकरी संपल्याची तारीख भरली आहे ना, एवढं बघून ठेवावं. ती भरलेली नसली की पैसे वळवण्याचं काम तिथेच अडकतं.

आणि तीन महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळायची हुशारी करू नये. पीएफच्या नोंदीत ती बसलेली असते आणि नेमणारे बघतात. मी बघायचो. तीन महिन्यांत सोडली याचं मला कधी काही वाटलं नाही, लपवली याचं वाटायचं. तीन महिन्यांत सोडावी अशी ठिकाणं असतातच. पगार दोन-दोन महिने लटकतो, प्रेसवर सेफ्टी गार्ड काढून काम करायला लावतात, नाहीतर तपासणी न करताच तपासणीच्या कागदावर सही मागतात. अशा ठिकाणी पावसाळा बघत बसायचं कारण नाही. छत्रीसुद्धा न उघडता निघावं.

तर भाचा गेल्या महिन्यात गावी आला होता. पुन्हा एक बोलावणं, पंचावन्न हजारांचं. मी विचारलं, काम काय? म्हणाला, पुरवठादारांची क्वालिटी. "मग आता काय करतोस?" "तेच." "पुरवठादार कसले?" "आता कास्टिंगचे बघतो, तिकडं प्लॅस्टिकचे. मला प्लॅस्टिकमधलं काही येत नाही." हे ऐकून मी जरा सरसावून बसलो. न येणारं काम, आणि वर सतरा हजार जास्त. पण इथे त्याचा एक नवा पुरवठादार मंजुरीच्या टप्प्यावर आहे, निवडलाही यानेच, आणि रोजचा माल यायला अजून दोन महिने आहेत. नोटीस तीन महिन्यांची. नवी कंपनी म्हणते, पंचेचाळीस दिवसांत या, उरलेल्या दिवसांचे पैसे आम्ही भरतो.

"त्यांना सांग, नोटीस पुरी करून येतो," मी म्हटलं. "पहिल्या लॉट इथं असतानाच येतील, काय येतात ते बघ आणि जा."

"आणि थांबलं नाहीत तर?"

"आत्ता थांबत न्हाईत, ते पुढं तुला रविवारची सुट्टी देत्यात व्हय?"

त्याला ते पटलं असावं, निदान त्याने फोन काढून ईमेल लिहायला घेतला. बहीण इतका वेळ दारात गवार मोडत ऐकत होती. कोअर, लॉट, नोटीस यातलं तिला काही नवीन नाही, आठ वर्षं ऐकतेय. ती म्हणाली, "दादा, तुमचं दोघांचं ठरलं ते ठीक हाय. पण रविवारी पोरीकडचे येणार हायत. त्यांना कुठल्या कंपनीत हाय म्हणून सांगू, जुन्या का नव्या?"

मी आणि भाच्याने एकमेकांकडे पाहिलं.

"चांदीचा कारखाना हाय म्हणून सांग," मी म्हटलं, आणि तिने गवारीची मूठ माझ्या दिशेने उगारली.